अंतिम वर्षाचा प्रकल्प प्रस्ताव

अंतिम वर्षाचा प्रकल्प प्रस्ताव किंवा कॅपस्टोन प्रकल्प प्रस्ताव म्हणजे पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी करावयाच्या प्रकल्पाला मान्यता मिळवण्यासाठी विद्यार्थ्याने आपल्या विभागाला सादर केलेले लेखी निवेदन होय. 'कॅपस्टोन' हा मूळचा बांधकामातील शब्द असून भिंतीच्या माथ्यावर सर्वांत शेवटी बसवल्या जाणाऱ्या दगडाला तो लावला जातो. देवळाच्या कळसाची कल्पना त्याच्या जवळची आहे. विदेवर, म्हणजेच डेटावर, आधारलेल्या प्रकल्पाच्या प्रस्तावात मुख्यतः चार भाग असतात: समस्याविधान, विदास्रोत, मूल्यमापन आराखडा आणि वेळापत्रक.

हे चार भाग स्वतंत्र मथळ्यांखाली लिहिले जात असले, तरी ते एकमेकांवर अवलंबून असतात. समस्याविधानात कोणता निर्णय कोणत्या वेळी घ्यायचा आहे हे ठरले, की त्या वेळेपर्यंत कोणती विदा हाती असेल हे ठरते. त्या निर्णयातील चूक कोणाला किती महाग पडते यावरून मूल्यमापनाची रीत ठरते आणि विदा वर्षाच्या कोणत्या महिन्यांत मिळते यावरून वेळापत्रक ठरते. या लेखात हा परस्परसंबंध वरणगाव (तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव) परिसरातील केळी पिकावरील एका नमुना प्रस्तावाच्या आधारे स्पष्ट केला आहे. प्रस्ताव व त्यातील गणिताचे आकडे समजावून सांगण्यापुरते कल्पिलेले आहेत. पीक, हवामान आणि विदास्रोत यांविषयीची माहिती मात्र वास्तव आहे.

## नमुना प्रस्तावाची पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातील तापी खोरे केळीसाठी प्रसिद्ध आहे. येथे जून-जुलैत लावलेल्या बागेला 'मृगबाग' आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या बागेला 'कांदेबाग' म्हणतात. केळी हे उष्ण हवेचे पीक असल्याने तापमान साधारण १६ अंश सेल्सिअसखाली गेले की त्याची वाढ मंदावते. ते १० अंशांखाली उतरले, तर पाने, पोंगा आणि घड यांना इजा पोहोचू शकते. थंडीने होणाऱ्या या इजेला खानदेशात 'चरका' असे नाव आहे. मृगबागेची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, थंडीत सापडली तर नुकसान अधिक होते.

चरक्यापासून बाग वाचवण्याचे उपाय शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. रात्री किंवा पहाटे बागेला पाणी देणे, बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून धूर करणे, घड पिशवीने झाकणे हे त्यांपैकी होत. घड आधीच झाकून ठेवता येतात, परंतु पाणी आणि धूर यांची तयारी त्या त्या संध्याकाळी करावी लागते. त्यासाठी मजूर सांगून ठेवावा लागतो आणि शेतीपंपाची वीज कोणत्या पाळीत आहे तेही पाहावे लागते. म्हणून 'उद्याची पहाट गारठ्याची असेल का?' या प्रश्नाचे उत्तर आदल्या दुपारी मिळाले तरच त्याचा उपयोग होतो.

## समस्याविधान

समस्याविधान म्हणजे प्रकल्प कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहे हे सांगणारे एक-दोन वाक्यांचे कथन. वरील विषयावर विद्यार्थ्याचा पहिला मसुदा बहुधा असा असतो: "यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने केळी उत्पादकांच्या समस्या सोडवणे." यात कोणती समस्या, कोणाची आणि कुठली हे कळत नाही. शिवाय साधन आधी निवडून प्रश्न नंतर शोधला आहे. "केळीवरील थंडीच्या परिणामाचा अभ्यास" हा दुसरा मसुदा विषय नेमका करतो, पण तो अभ्यास केव्हा पूर्ण झाला म्हणायचे हे सांगत नाही. कोणतेही उत्तर आले तरी 'अभ्यास झाला' असे म्हणता येते.

तिसरा मसुदा पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

> वरणगाव परिसरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पुढील पहाटेचे किमान तापमान १० अंश सेल्सिअसखाली जाईल की नाही, हे आदल्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंतच्या हवामान नोंदींवरून सांगता येते का? आणि 'आजची पहाट थंड होती, तर उद्याचीही असेल' या साध्या नियमापेक्षा ते उत्तर शेतकऱ्याला अधिक उपयोगी ठरते का?

या विधानात स्थळ, काळ, मर्यादा, निर्णयाची वेळ आणि तुलनेचे माप अशा पाच गोष्टी निश्चित झाल्या आहेत. त्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. चांगल्या समस्याविधानाची ही ओळख मानली जाते, कारण जे विधान चुकीचे ठरूच शकत नाही त्याची चाचणीही घेता येत नाही.

समस्याविधानासोबत 'आज काय उपलब्ध आहे' याची नोंद असावी लागते. भारतीय हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्ला पत्रक निघते आणि त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. नव्या प्रस्तावाने हे पत्रक अपुरे आहे असा निव्वळ दावा करून भागत नाही. त्यातील किमान तापमानाचा अंदाज त्याच रात्रींसाठी किती खरा ठरला, हे तपासण्याचे काम प्रस्तावातच नमूद करावे लागते.

## विदास्रोत

या भागात विदा कोठून मिळेल, ती कोणत्या स्वरूपात आहे, वापरण्याची परवानगी आहे का आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे लिहितात. हाती असलेली विदा आणि मिळण्याची आशा असलेली विदा यांतील फरक येथे स्पष्ट ठेवावा लागतो. प्रस्ताव लिहिण्यापूर्वी निदान एका हिवाळ्याच्या नोंदी प्रत्यक्ष उतरवून पाहणे, ही त्याची साधी कसोटी होय.

नमुना प्रस्तावासाठी तीन स्रोत विचारात येतात. पहिला महसूल मंडळ पातळीवरील स्वयंचलित हवामान केंद्रांचा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीची भरपाई अशाच केंद्रांच्या नोंदींवरून ठरत असल्याने हा स्रोत शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मात्र अनेक वर्षांच्या सलग नोंदी मिळवण्यासाठी अर्ज व पाठपुरावा करावा लागतो. परवानगीचे पत्र हाती नसताना संपूर्ण प्रकल्प या स्रोतावर उभा करणे धोक्याचे ठरते.

दुसरा स्रोत अमेरिकेच्या नासा संस्थेचा 'पॉवर' हा मुक्त विदासंच. त्यातून जगातील कोणत्याही अक्षांश-रेखांशासाठी दैनिक आणि ताशी हवामान नोंदी विनामूल्य मिळतात. वरणगावसाठी एका हिवाळ्याच्या ताशी नोंदी पुढील पत्त्यावरून मागवता येतात:

```
https://power.larc.nasa.gov/api/temporal/hourly/point?parameters=T2M,RH2M,WS2M&community=AG&longitude=75.90&latitude=21.02&start=20231101&end=20240229&format=CSV
```

येथे `T2M` म्हणजे जमिनीपासून दोन मीटर उंचीवरील तापमान, `RH2M` सापेक्ष आर्द्रता आणि `WS2M` वाऱ्याचा वेग होय. दैनिक नोंदींऐवजी ताशी नोंदी मागवण्याचे कारण समस्याविधानातच आहे. निर्णय दुपारी चारला घ्यायचा असल्याने त्यानंतरची कोणतीही नोंद वापरता येत नाही. दिवसाच्या सरासरी वाऱ्यात किंवा सरासरी आर्द्रतेत मध्यरात्रीपर्यंतचे तास मिसळलेले असतात. ती सरासरी वापरली तर अंदाज कागदावर चांगला दिसतो, पण प्रत्यक्षात चार वाजता तो आकडा कोणाजवळच नसतो. या दोषाला 'विदागळती' म्हणतात.

या विदासंचाच्या तीन मर्यादा प्रस्तावात लिहिणे आवश्यक आहे:

* नसलेली नोंद `-999` या आकड्याने दाखवली जाते. ती काढून टाकली नाही, तर संगणक तिला अतिशय थंड रात्र समजतो. तापमानाच्या रकान्यातील सर्वांत लहान आकडा पाहिला की ही चूक तत्काळ दिसते.
* अलीकडच्या नोंदी काही दिवसांच्या विलंबाने उपलब्ध होतात. म्हणून या विदेवर आज संध्याकाळचा इशारा देता येत नाही. पद्धत चालते का, एवढेच मागील वर्षांवरून तपासता येते.
* येथील हवामान नोंदी प्रत्यक्ष तापमापकाच्या नसून निरीक्षणे व गणिती प्रतिमान यांच्या मेळातून काढलेल्या आहेत. तापमानाचा एक चौकोन अक्षांशात अर्धा अंश, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर, आणि रेखांशात पाच-अष्टमांश अंश, म्हणजे या भागात सुमारे ६५ किलोमीटर एवढा मोठा असतो. सखल शेत आणि उंचवट्यावरचे गाव यांना त्यात एकच आकडा मिळतो.

तिसरी मर्यादा भरून काढण्यासाठी तिसरा स्रोत लागतो. तो म्हणजे परिसरातील दोन बागांत, मालकांच्या लेखी संमतीने, बसवलेले नोंदणी तापमापक. ते सावलीच्या हवेशीर आवरणात, दोन्ही ठिकाणी सारख्या उंचीवर आणि भिंत किंवा पत्र्यापासून दूर असावेत. बसवण्यापूर्वी दोन्ही उपकरणे आठवडाभर शेजारी ठेवून त्यांच्यातील मूळ फरक नोंदवावा लागतो, अन्यथा उपकरणातील फरक शेतातील फरक म्हणून गणला जातो.

शेतातील किमान तापमान आणि चौकोनाचे किमान तापमान यांतील सरासरी फरक काढून तो सर्व रात्रींना लावणे सोपे, परंतु दिशाभूल करणारे असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तेव्हा जमीन लवकर निवते व थंड हवा सखल भागात साचते. त्यामुळे शेत आणि चौकोन यांतील फरक नेमका अतिथंड रात्रींना वाढण्याची शक्यता असते. म्हणून थंड रात्रींचा फरक वेगळा काढला जाईल, असे प्रस्तावात नमूद करावे.

## मूल्यमापन आराखडा

प्रकल्प यशस्वी झाला की नाही हे कसे ठरवणार, ते काम सुरू होण्याआधी लिहून ठेवणे म्हणजे मूल्यमापन आराखडा. निकाल हाती आल्यावर माप निवडले, तर जे माप अनुकूल तेच निवडले जाते.

### विदेची विभागणी

उपलब्ध हिवाळ्यांपैकी शेवटचे चार हिवाळे चाचणीसाठी बाजूला ठेवावेत आणि आधीच्या हिवाळ्यांवर प्रतिमान घडवावे. सर्व रात्री पत्त्यांसारख्या पिसून वाटणे येथे चुकीचे ठरते. थंडीची लाट सलग काही दिवस टिकते. तिच्यातील सोमवारची पहाट घडवण्याच्या भागात आणि मंगळवारची चाचणीच्या भागात गेली, तर प्रतिमानाला उत्तर जवळजवळ आधीच कळलेले असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा दोन इंग्रजी वर्षांत विभागला जातो, म्हणून विभागणी वर्षानुसार न करता हिवाळ्यानुसार करावी. बाजूला ठेवलेले हिवाळे एकदाच, सर्वांत शेवटी उघडावेत.

### अचूकतेची टक्केवारी का पुरत नाही

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात १२० रात्री असतात (लीप वर्षाचा एक दिवस सोडून), म्हणजे चार हिवाळ्यांत ४८०. त्यांपैकी ४८ पहाटा १० अंशांखाली गेल्या असे समजू. 'थंडी कधीच पडणार नाही' असे दररोज सांगणारा माणूस ४८० पैकी ४३२ वेळा बरोबर ठरेल. त्याची अचूकता ९० टक्के भरेल, पण शेतकऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता 'आज तशी उद्या' हा साधा नियम घेऊ. या ४८ पहाटा १८ लाटांमध्ये विभागलेल्या असतील, तर हा नियम प्रत्येक लाटेची पहिली पहाट हमखास चुकवतो, कारण तिच्या आदल्या पहाटे थंडी नव्हती. लाट ओसरल्यानंतरच्या पहाटेचा इशाराही तो हमखास चुकीचा देतो. एक कल्पित प्रतिमान त्याच रात्रींवर कसे उतरेल, ते तक्त्यात दिले आहे.

| पद्धत | पकडलेल्या थंड पहाटा | चुकलेल्या | चुकीचे इशारे | अचूकता |
|---|---|---|---|---|
| 'कधीच नाही' | ० | ४८ | ० | ९०.० टक्के |
| 'आज तशी उद्या' | ३० | १८ | १८ | ९२.५ टक्के |
| प्रतिमान | ४० | ८ | २५ | ९३.१ टक्के |

अचूकतेच्या रकान्यात शेवटच्या दोन पद्धतींत अर्ध्या टक्क्याहून थोडाच अधिक फरक आहे. प्रत्यक्षात मात्र चुकलेल्या पहाटा १८ वरून ८ वर आल्या आहेत. त्या बदल्यात चुकीचे इशारे १८ वरून २५ झाले आहेत. हा व्यवहार परवडतो की नाही हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. चुकीच्या इशाऱ्याची किंमत म्हणजे एका रात्रीचे पाणी व मजुरी, आणि चुकलेल्या पहाटेची किंमत म्हणजे घडांचे नुकसान. कोणते ओझे किती झेपते हे परिसरातील बागाईतदारांना विचारून प्रस्तावात लिहावे लागते.

### यशाचा निकष

लाटेची पहिली पहाट हीच खरी अडचणीची असल्याने तिची गणना वेगळी ठेवावी. लाटेतील पुढच्या पहाटांसाठी शेतकऱ्याला कोणाच्या अंदाजाची फारशी गरज नसते, त्याने थंडी अनुभवलेलीच असते. त्यानुसार निकष असा लिहिता येतो: "चाचणीच्या चार हिवाळ्यांत लाटेच्या पहिल्या पहाटांपैकी निम्म्या तरी पकडल्या जाव्यात, नंतरच्या पहाटा साध्या नियमाइतक्याच पकडल्या जाव्यात आणि चुकीचे इशारे हिवाळ्याला सरासरी सातपेक्षा अधिक नसावेत." तक्त्यातील प्रतिमानाने नंतरच्या तीसही पहाटा पकडल्या असतील, तर पहिल्या पहाटांपैकी १८ मध्ये १० पकडल्या असा त्याचा अर्थ होतो. चुकीचे इशारे हिवाळ्याला सरासरी ६.२५ पडतात. म्हणजे ते निकषाला उतरते.

अठरा लाटा ही संख्या लहान आहे. दहाच्या ठिकाणी आठ आल्या असत्या तर निकाल उलटला असता. म्हणून एकत्रित आकड्यासोबत प्रत्येक हिवाळ्याचा निकाल स्वतंत्र द्यावा. चारपैकी एकाच हिवाळ्यामुळे यश दिसत असेल, तर ते लगेच ध्यानात येते.

## वेळापत्रक

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत प्रकल्प शेवटच्या दोन सत्रांत विभागलेला असतो. प्रस्ताव पावसाळ्यात मान्य होतो आणि अंतिम सादरीकरण उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. नमुना प्रकल्पात या दिनदर्शिकेवर दुसरी एक दिनदर्शिका येऊन बसते, ती म्हणजे थंडीची. शेतातील मोजणी नोव्हेंबरात सुरू झाली नाही, तर गेलेल्या रात्री परत मिळत नाहीत आणि पुढचा हिवाळा पदवीनंतर येतो. त्याच सुमारास दिवाळीची सुटी आणि सत्रपरीक्षाही येतात. हे लक्षात घेऊन आखलेले वेळापत्रक असे:

| कालावधी | काम | पूर्ण झाल्याची खूण |
|---|---|---|
| ऑगस्ट | हवामान केंद्राच्या नोंदींसाठी अर्ज, बागमालकांची संमती, एका हिवाळ्याची विदा उतरवून पाहणे | अर्जाची पोच व दोन संमतिपत्रे |
| सप्टेंबर | सर्व हिवाळ्यांची विदा, सफाई, साध्या नियमाचा निकाल | साध्या नियमाचा तक्ता |
| ऑक्टोबर | तापमापकांची खरेदी, आठवडाभर शेजारी-शेजारी चाचणी, दिवाळीपूर्वी उभारणी | दोन्ही बागांतील पहिल्या नोंदी |
| नोव्हेंबर ते मध्य डिसेंबर | सत्रपरीक्षा. आठवड्यातून एकदा नोंदी उतरवणे एवढेच काम | खंड न पडलेली नोंदवही |
| मध्य डिसेंबर ते जानेवारी | प्रतिमान घडवणे | घडवण्याच्या हिवाळ्यांवरील निकाल |
| फेब्रुवारी | मोजणीची समाप्ती, शेत व चौकोन यांची तुलना, चाचणीचे हिवाळे उघडणे | अंतिम तक्ता |
| मार्च | अहवाललेखन | मार्गदर्शकाने वाचलेला मसुदा |
| एप्रिल | राखीव तीन आठवडे व सादरीकरण | अंतिम अहवाल |

प्रत्येक ओळीपुढे दाखवता येईल अशी खूण आहे. 'विदा विश्लेषण: ६० टक्के पूर्ण' यांसारख्या नोंदीवरून काम अडले आहे की चालू आहे हे मार्गदर्शकाला कळत नाही. साध्या नियमाचा तक्ता सप्टेंबरातच ठेवण्यामागे आणखी एक हेतू आहे. पुढे काहीही बिघडले, तरी सादर करण्याजोगा एक निकाल तेव्हापासून हाती राहतो.

वेळापत्रकासोबत पर्यायी मार्गही तारखेसह लिहितात. उदाहरणार्थ, १५ ऑक्टोबरपर्यंत हवामान केंद्राच्या नोंदी मिळाल्या नाहीत, तर त्या स्रोताशी तुलना वगळून केवळ दोन तापमापकांवर विसंबले जाईल. एखादा तापमापक बंद पडला, तर उरलेल्या एकाच बागेपुरता निष्कर्ष मांडला जाईल. तारीख दिलेली नसेल, तर विद्यार्थी पत्राची वाट पाहत राहतो आणि हिवाळा निघून जातो.

## प्रस्तावाची तपासणी

परीक्षक मंडळ प्रस्ताव वाचताना चार भागांतील विसंगती शोधते. समस्याविधानात 'शेतकऱ्याला इशारा' असेल आणि विदास्रोत काही दिवस उशिरा मिळणारा असेल, तर दोहोंपैकी एक बदलावे लागते. नमुना प्रस्तावात समस्याविधान 'सांगता येते का' एवढ्यापुरते ठेवले आहे, ते याचमुळे. समस्याविधानात दुर्मीळ घटना असेल आणि मूल्यमापनात केवळ अचूकतेची टक्केवारी असेल, तर निकालाला अर्थ उरत नाही. मोजणी हिवाळ्यातील असेल आणि वेळापत्रकात तिला जानेवारीत स्थान दिले असेल, तर हंगामाचा निम्मा भाग आधीच गेलेला असतो.

या विसंगती दिसण्यासाठी विषयाचे सखोल ज्ञान लागतेच असे नाही. समस्याविधानातील प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढून त्याला आधार देणारी ओळ उरलेल्या तीन भागांत सापडते का, हे पाहणे पुरते. 'वरणगाव' या शब्दाला दोन बागांतील तापमापक, 'दुपारी चार' या शब्दांना ताशी नोंदी, 'अधिक उपयोगी' या शब्दांना चुकीच्या इशाऱ्यांची मर्यादा आणि 'नोव्हेंबर'ला दिवाळीपूर्वीची उभारणी असा आधार नमुना प्रस्तावात मिळतो. ज्या शब्दाला असा आधार मिळत नाही तो शब्द काढावा लागतो, किंवा त्याच्यासाठी काम वाढवावे लागते.

## हेही पाहा

* केळी
* वरणगाव
* हवामानाचा अंदाज
* संशोधन पद्धती